लांबलेल्या संभाषणात मांडणीचा नियम का सुटतो

भाषिक मॉडेलाशी संभाषण सुरू करताना दिलेला मांडणीचा नियम बहुधा एकाएकी मोडत नाही. तो झिजत जातो. उत्तर सलग परिच्छेदात लिहावे, याद्या करू नयेत, आकडे देवनागरीत घालावेत असे सुरुवातीला सांगितले, की पहिली काही उत्तरे अगदी तशीच येतात. मग कुठेतरी एखादा आकडा रोमन लिपीतल्या मजकुरात असतो तसा उमटतो, दोन उत्तरांनंतर एक छोटी यादी येते आणि आणखी थोड्या वेळाने ठळक उपशीर्षकेही दिसू लागतात. नियम कोणी मागे घेतलेला नसतो. तो संभाषणाच्या माथ्यावर जसाच्या तसा उभा असतो, फक्त त्याचा अंमल संपलेला असतो.

हा क्रम एका उदाहरणावर पाहणे सोयीचे. समजा, सिल्वासातल्या एका मराठी शाळेत २ ऑगस्टच्या मुक्तिदिनासाठी एक छोटी पुस्तिका तयार करायची आहे आणि मजकुराच्या कच्च्या मसुद्यासाठी शिक्षक भाषिक मॉडेल वापरत आहेत. पहिल्याच संदेशात त्यांनी नियम दिला: उत्तर सलग परिच्छेदांत लिहा, याद्या करू नका, सर्व आकडे देवनागरीत लिहा, तारीख ‘२ ऑगस्ट १९५४’ अशा रूपात द्या. पहिला प्रश्न दादऱ्याचा. फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी २२ जुलै १९५४ च्या सुमारास दादरा मुक्त केले, हे उत्तर एका परिच्छेदात, देवनागरी आकड्यांत आले. पुढचे नरोलीचे उत्तरही तसेच. त्यानंतर आझाद गोमंतक दलाचे स्वयंसेवक सिल्वासापर्यंत कसे पोहोचले आणि २ ऑगस्टला गाव पोर्तुगीज अमलातून कसे मुक्त झाले, हेही नियमात बसवून लिहिले गेले.

पाचव्या संदेशात शिक्षकांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या खटल्याविषयीचा दोन पानांचा इंग्रजी मजकूर चिकटवला आणि त्याचा मराठी गोषवारा मागितला. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये दाखल केलेल्या या खटल्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. गोषवारा उत्तम होता, पण त्यात एका ठिकाणी तारीख ‘12 एप्रिल 1960’ अशी आली. मजकूर बरोबर असल्याने ती नजरेआड झाली. सातव्या संदेशात प्रश्न होता, १९५४ ते १९६१ या काळात कोणकोणत्या घटना घडल्या? उत्तरात पाच ओळी, प्रत्येक ओळीच्या आरंभी आडवी रेघ. आठव्यात शिक्षक म्हणाले, जरा थोडक्यात द्या. यादी चार ओळींची झाली. नवव्या उत्तराला ठळक शीर्षक आणि खाली तक्ता होता. हे संभाषण समजावणीसाठी रचलेले आहे, परंतु बिघाडाचा क्रम नेहमीचा आहे: आधी लहान नियम सुटतो, मग मोठा, आणि प्रत्येक वेळी त्याआधीच्या संदेशात काहीतरी निमित्त सापडते.

कारण शोधताना ‘मॉडेल विसरले’ हा शब्दप्रयोग आधी बाजूला ठेवावा लागतो. एका उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंत मॉडेलापाशी संभाषणाची वेगळी स्मृती राहत नाही. प्रत्येक नव्या संदेशाच्या वेळी आरंभापासूनचा सगळा मजकूर, म्हणजे नियम, सर्व प्रश्न, चिकटवलेली पाने आणि मॉडेलाची स्वतःची आधीची उत्तरे, एका लांब पट्टीसारखा त्याच्यापुढे ठेवला जातो. ती पट्टी टोकन नावाच्या लहान तुकड्यांची असते. तिच्या शेवटी पुढचा कोणता तुकडा येण्याचा संभव किती, हे मॉडेल ठरवते, त्यानुसार एक निवडला जातो आणि असे तुकड्यामागून तुकडे जोडत उत्तर तयार होते. नवव्या उत्तराच्या वेळीही शिक्षकांचा नियम पट्टीच्या सुरुवातीला होताच. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की समोर असलेल्या नियमाचे वजन इतके कमी का झाले?

वजनाचा हिशेब अटेन्शन या रचनेत होतो. २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेचा तो गाभा आहे. पुढचा तुकडा ठरवताना मॉडेल आधीच्या प्रत्येक तुकड्याला एक गुण देते आणि त्या गुणांवरून प्रत्येकाचा वाटा काढते. सर्व वाट्यांची बेरीज नेहमी एकच असते. पट्टी लांबली म्हणून एकूण वाटा वाढत नाही, वाटेकरी तेवढे वाढतात.

एक सोपा, मुद्दाम ढोबळ केलेला हिशेब पाहू. नियम ६० टोकनांचा आहे आणि त्याच्या प्रत्येक टोकनाला इतर कोणत्याही टोकनाच्या ५५ पट महत्त्व मिळते असे धरले. संभाषण ६०० टोकनांचे असताना नियमाचे एकूण वजन ३,३०० आणि उरलेल्या ५४० टोकनांचे ५४०. म्हणजे सुमारे ८६ टक्के वाटा नियमाकडे. आता संभाषण १२,००० टोकनांवर गेले. नियम तोच, त्याचे महत्त्व तेच, वजनही ३,३०० च. पण समोर ११,९४० टोकने आहेत आणि वाटा जेमतेम २२ टक्के उरतो. प्रत्यक्ष मॉडेलात अशा वाटण्या अनेक थरांत आणि प्रत्येक थरात अनेक प्रकारे होतात, काही भाग दूरच्या सूचनेला घट्ट धरून ठेवण्यात तरबेजही असतात. म्हणून हे आकडे कोणत्याही खऱ्या मॉडेलाचे नव्हेत. दिशा मात्र हीच आहे. देवनागरी मजकुराला तर हा प्रश्न जरा लवकर गाठतो, कारण बऱ्याच मॉडेलांत तेवढ्याच आशयाच्या मराठी मजकुराची टोकने इंग्रजीपेक्षा जास्त होतात आणि पट्टी भराभर लांबते.

या झिजेचा अभ्यास झालेला आहे. केनेथ ली आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, आरंभी दिलेल्या सूचनेपासून मॉडेल किती दूर सरकते ते मोजले. लामा-२ च्या ७० अब्ज घटकांच्या संभाषणी आवृत्तीत आठ फेऱ्यांच्या आतच लक्षणीय घसरण दिसली, आणि आरंभीच्या सूचनेकडे जाणारा अटेन्शनचा वाटा कमी होणे हे तिचे एक कारण असल्याचे त्यांनी दाखवले. त्याआधी, २०२३ मध्ये, नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांनी लांब मजकुरातली माहिती शोधण्याच्या कामावर एक वेगळी गोष्ट दाखवली होती: हवी असलेली माहिती मजकुराच्या आरंभी किंवा शेवटी असेल तर मॉडेल ती बऱ्यापैकी वापरते, मधोमध असेल तर चुकते. मांडणीच्या नियमाच्या दृष्टीने यातला शेवटाचा भाग कामाचा आहे. त्यानंतरची मॉडेले लांब मजकूर अधिक चांगल्या रीतीने हाताळतात, त्यामुळे आठ फेऱ्या हा आकडा सर्वांना लागू नाही. घसरण उशिरा सुरू होते, पण ती नाहीशी झालेली नाही.

केवळ वाटा घटल्याने मात्र यादी येत नाही. वाटा घटल्याने जागा मोकळी होते, ती जागा दुसरे कोणीतरी घेते. आणि या जागेवर हक्क सांगणाऱ्यांत सर्वांत बलवान असते मॉडेलाचे स्वतःचे आधीचे उत्तर. समोरच्या मजकुरातला नमुना ओळखून तो पुढे चालवणे ही या मॉडेलांची मूळ वृत्ती आहे. त्यामुळेच दोन-तीन उदाहरणे दाखवली की ती नवे काम उचलतात. हीच वृत्ती इथे उलटते. पहिली चार उत्तरे सलग परिच्छेदांची होती तोवर ती नियमाची साक्ष देत होती. नियमाचा वाटा घटत असूनही पाचव्या उत्तरापर्यंत परिच्छेद टिकले, यात त्या उदाहरणांचा मोठा हात होता. सातव्या उत्तरात यादी आली आणि शिक्षक काही बोलले नाहीत. आता पट्टीवर यादीचे ताजे उदाहरण आहे, जवळचे आहे आणि ते चालले आहे. आठव्या उत्तराला नियम व उदाहरण यांत निवड करायची होती. दूरच्या सूचनेपेक्षा जवळचा नमुना जड ठरला. म्हणूनच बिघाड सुरुवातीला हळू आणि एकदा पहिले उल्लंघन होऊन गेल्यावर वेगाने होतो. संभाषण परत वाचताना नेमके पहिले उल्लंघन शोधणे हे निदानाचे पहिले काम, कारण पुढचे बहुतेक बिघाड त्याच्या नकला असतात.

पहिले उल्लंघन तरी कोठून आले? सिल्वासाच्या उदाहरणात निमित्ते स्पष्ट आहेत. आकड्यांचा नियम चिकटवलेल्या इंग्रजी पानांनी तोडला. त्या पानांत रोमन मजकुरातले आकडे दाटीने होते, ते नियमापेक्षा कितीतरी जवळ होते, आणि तारीख उतरवून घेताना आकड्याचे रूपही सोबत आले. यादीचा नियम ‘कोणकोणत्या घटना’ या प्रश्नाने तोडला. वापरण्यायोग्य बनवताना मॉडेलांना माणसांच्या पसंतीनुसार वळण लावले जाते आणि त्या वळणात अनेक घटकांच्या प्रश्नाला मुद्देवार यादीने उत्तर देण्याची सवय पक्की झालेली असते. नियम ताजा असताना ही सवय दबून राहते, तो फिका पडला की वर येते. म्हणून ज्या नियमाचा कल सवयीच्या विरुद्ध आहे तो लवकर सुटतो. ‘उत्तर मराठीत द्या’ हा नियम मराठी संभाषणात जवळजवळ कधीच सुटत नाही, कारण प्रत्येक नवा प्रश्नच त्याची आठवण करून देतो. ‘याद्या नकोत’ या नियमाला असा आपोआपचा आधार कोणी देत नाही.

याहून अगदी वेगळे एक कारण असते आणि ते ओळखून वेगळे काढले पाहिजे. मॉडेल एका वेळी किती टोकने वाचू शकते याला मर्यादा असते. तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात. संभाषण तिच्याबाहेर गेले, तर काही व्यवस्था जुने संदेश गाळतात, काही त्यांचा सारांश करून तोच पुढे ठेवतात. गाळले तर आरंभीचा नियम खरोखरच गेला. सारांशात घटना, नावे, निर्णय टिकतात. मांडणीचे बारकावे बहुधा उडतात. अशा वेळी नियमाचा वाटा कमी झालेला नसतो, नियम पट्टीवरच नसतो.

दोन्हींतला फरक कळण्यासाठी मॉडेलाला सुरुवातीचा नियम शब्दशः सांगायला लावावे. तीनही भाग, तारखेच्या नमुन्यासह, जसेच्या तसे आले तर नियम समोर आहे आणि फक्त वजन गमावून बसला आहे. गोलमाल उत्तर आले, एखादा भाग गळला किंवा भलताच नियम सांगितला गेला, तर तो गाळला गेल्याची शंका घ्यावी. ही कसोटी निर्दोष नाही: आधीची उत्तरे पाहून मॉडेल नियमाचा अंदाज बांधू शकते, म्हणून शब्दयोजना जुळते का हे पाहायचे, आशय नव्हे. आणखी एक सावधगिरी म्हणजे, नियम बरोबर सांगता आला म्हणून पुढचे उत्तर तो पाळेलच असे नाही. विचारलेली गोष्ट मजकुरात शोधून उतरवणे आणि न विचारता प्रत्येक वाक्यावर तिचा अंमल चालवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत.

उपाय साधा आहे: नियम पुन्हा सांगायचा. तो का चालतो हे वरच्या हिशेबातूनच कळते. १२,००० टोकनांच्या संभाषणाच्या शेवटी तोच ६० टोकनांचा नियम पुन्हा लिहिला तर नियमाचे वजन ६,६०० होते आणि वाटा २२ वरून सुमारे ३६ टक्क्यांवर जातो. पहिल्या दिवसाचे ८६ टक्के काही परत येत नाहीत. खरा लाभ जागेचा आहे. नवा नियम पट्टीच्या अगदी टोकाशी, उत्तर सुरू होते त्याच्या लगत असतो आणि यादीचा जुना नमुना आता त्याच्या मागे पडतो. म्हणून पुन्हा सांगताना नियम कुठे ठेवायचा याला महत्त्व आहे. शिक्षकांनी पाचव्या संदेशात आधी नियम लिहून खाली दोन इंग्रजी पाने चिकटवली असती, तर मधली पाने पुन्हा आड आली असती. आधी पाने, मग प्रश्न आणि सर्वांत शेवटी नियम, हा क्रम योग्य.

शब्दयोजनाही बदलावी लागते. ‘वर सांगितल्याप्रमाणे लिहा’ हे पुनरुच्चारण नव्हे. त्यात नियमाचा एकही शब्द नसतो आणि मॉडेलाला पुन्हा त्याच दूरच्या जागेकडे बोट दाखवले जाते. ‘पुन्हा यादी का केलीत, याद्या नकोत म्हटले होते ना’ या वाक्यात यादी हाच शब्द दोनदा येतो आणि काय हवे ते एकदाही येत नाही. काय नको यापेक्षा काय हवे ते सांगणारे छोटे वाक्य अधिक टिकते: ‘दोन सलग परिच्छेद, घटना वाक्यांत गुंफा, आकडे देवनागरीत, उदा. १२ एप्रिल १९६०’. यातला नमुना महत्त्वाचा आहे. नियमाचे वर्णन आणि नियम पाळलेला तुकडा शेजारी असले, की सूचना व उदाहरण एकाच बाजूला उभी राहतात.

बिघडलेल्या उत्तराचे काय करायचे, हा भाग बहुतेक जण सोडून देतात. शिक्षकांनी नवव्या उत्तराखाली नियम पुन्हा लिहिला आणि दहावे उत्तर नीट आले, तरी सातवे, आठवे, नववे पट्टीवर राहतातच आणि अकराव्यावर त्यांचा ताण येतच राहतो. सोय असेल तिथे पहिल्या उल्लंघनापाशी मागे जावे, म्हणजे सातवा प्रश्न संपादित करून त्याच्या शेवटी नियम जोडावा आणि उत्तर नव्याने घ्यावे. मग ती तीन उत्तरे त्या शाखेत राहत नाहीत. असे करता येत नसेल आणि संभाषण बरेच लांबले असेल, तर नवे संभाषण उघडावे. त्यात आधी नियम, मग आधीच्या संभाषणातला एक निर्दोष परिच्छेद नमुना म्हणून आणि मग उरलेले काम द्यावे. जुने सगळे संभाषण उचलून नव्यात चिकटवले तर बिघाडही बरोबर येतो.

किती वेळाने पुन्हा सांगावे याचे ठरीव उत्तर नाही, पण निमित्तावरून ठरवणे फेऱ्या मोजण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. मोठा मजकूर चिकटवला, भाषा बदलली, यादी ओढून आणणारा प्रश्न विचारला, किंवा ‘थोडक्यात द्या’ म्हटले, की त्याच संदेशात नियम जोडावा. प्रोग्राममधून मॉडेल वापरणाऱ्यांना हे आपोआप करता येते:

```python
RULE = "मांडणी: सलग परिच्छेद. सर्व आकडे देवनागरीत, उदा. २ ऑगस्ट १९५४."

def build(history, text):
    last = {"role": "user", "content": text + "\n\n" + RULE}
    return history + [last]
```

इथे `history` मध्ये प्रश्न नियमाशिवाय साठवायचा आणि नियम फक्त ताज्या संदेशाला चिकटवायचा, म्हणजे त्याच्या जुन्या प्रती साचत नाहीत. सूचना फेरीगणिक पुन्हा घालण्याचा मार्ग ली यांच्या संशोधनातही तुलनेसाठी तपासलेला होता आणि त्याची किंमत तिथेही तीच होती: दर वेळी थोडी जागा खर्ची पडते. साठ टोकनांसाठी ती नगण्य आहे. दोन पानांची नियमावली प्रत्येक संदेशाला जोडणे मात्र घातक, कारण मग नियमच एकमेकांचे वाटेकरी होतात. जे सुटतात तेवढेच दोन-तीन पुन्हा सांगावेत.

उत्तर आले की नियम पाळला का हे डोळ्यांवर सोडू नये. पाचव्या उत्तरातली तारीख डोळ्यांनीच सोडली होती. अशा तपासणीला अगदी छोटा शोध पुरतो. पहिली ओळ देवनागरी नसलेला आकडा पकडते, दुसरी यादीची खूण:

```
[0-9]
^\s*[-*•]
```

पुनरुच्चारणाला मर्यादा आहेत. परिच्छेद आणि तक्ता एकाच उत्तरात मागणाऱ्या, परस्परांना छेदणाऱ्या सूचना कितीही वेळा लिहिल्या तरी पाळल्या जात नाहीत; कोणती सुटेल एवढेच बदलते. ‘बरोबर दीडशे शब्द’ हा नियम पहिल्या उत्तरातही अचूक पाळला जात नाही, कारण तुकड्यातुकड्याने लिहिणारे मॉडेल शब्द मोजत बसत नाही. ती झीज नव्हे, मूळचीच अडचण आहे, आणि तिला पुन्हा सांगणे हा उपाय नाही. काही कामांना यादीच योग्य असते: दहा तारखा एका परिच्छेदात कोंबल्या तर नियम टिकतो आणि वाचक हरवतो. तिथे नियम बदललेला बरा.

सिल्वासाच्या पुस्तिकेपुरते पाहिले तर दुरुस्ती दोन ठिकाणी लागते. पाचव्या संदेशात इंग्रजी पानांच्या खाली आकड्यांचा नियम नमुन्यासह जोडायचा. सातव्या संदेशात प्रश्न बदलून ‘१९५४ च्या मुक्तीपासून वरिष्ठ पंचायतीचा कारभार आणि ११ ऑगस्ट १९६१ च्या विलीनीकरणापर्यंतचा प्रवास दोन सलग परिच्छेदांत लिहा’ असा विचारायचा. यात मांडणी प्रश्नाच्याच पोटात गेली आहे, त्यामुळे तिला दूरच्या आधाराची गरज राहत नाही. नियम लक्षात ठेवण्याची जबाबदारी लांब संभाषणात मॉडेलावर टाकता येत नाही. ती वापरणाऱ्याचीच आहे, आणि त्यासाठी संदेशाच्या शेवटी लिहिलेली एक ओळ बहुतेक वेळा पुरेशी असते.